सुवासिनी शब्द काढा, मग वाण मोजा

*ताई, पर्वरीला आमची ४८ फ्लॅटची सोसायटी आहे. २०२७च्या संक्रांतीला पहिल्यांदाच सगळ्यांनी मिळून हळदीकुंकू करायचं ठरलंय आणि सगळं माझ्या गळ्यात पडलंय. 'सोसायटीतील सर्व सौभाग्यवती सुवासिनींनी हळदीकुंकवास अगत्य येण्याचे करावे' असा मजकूर मी लिहिला. ग्रुपवर टाकण्याआधी दोघींना दाखवला. एक म्हणाली, मस्त. दुसरी नुसतं 'बरं आहे' म्हणून गप्प झाली. तिचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले, हे माझ्या नंतर लक्षात आलं. शिवाय आमच्याकडे सात-आठ ख्रिस्ती घरं आहेत, त्यांना बोलवायचं का आणि कसं? वाण काय द्यावं, किती आणावं? कोणी शनिवार म्हणतं, कोणी रथसप्तमीलाच करू म्हणतं. वेळ कुठली ठेवू?*
*— ए विंगमधली*

ए विंगमधल्या बाई, मजकूर अजून ग्रुपवर गेलेला नाही ना? मग काहीच बिघडलेलं नाही. तुमच्या वाक्यातले दोन शब्द गेले की निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं मात्र शब्दांनी होत नाही, ते हळदीकुंकवाच्या ताटाशी होतं. म्हणून आधी त्या मैत्रिणीचंच बघू.

'सर्व महिलांनी' असं लिहून तुम्ही तिला बोलावलंत, ती साडी नेसून आली, रांगेत उभी राहिली आणि ताट धरलेल्या मुलीचा हात तिच्यापाशी येऊन थबकला, तर? आमंत्रणात नाव नसण्यापेक्षा हे वाईट. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मुलगी बिचारी गोंधळली, तिने मागे सासूकडे बघितलं, सासूने मान हलवली की नाही ते कुणालाच कळलं नाही, आणि त्या बाईंनी स्वतःच 'मला फूल दे गो' म्हणून सगळ्यांची सुटका केली. नंतर त्या कधी आल्या नाहीत. हा घोळ टाळायचा तर ताट धरणाऱ्या दोघीतिघींना आदल्या दिवशी स्पष्ट सांगा: येईल तिला हळद, कुंकू, फूल, तिळगूळ, वाण, सगळं सारखं. कोण कोण आहे याची चौकशी ताटापाशी करायची नाही. नको असेल ती आपणच नको म्हणेल.

आणि मैत्रिणीकडे ग्रुपवर मेसेज जाण्याआधी तुम्ही स्वतः जा. 'चुकलं माझं' याच्यावर लांबण लावू नका, तिला रडवायचं नाहीये. म्हणा, 'मजकूर बदललाय, बघ. कुंकू लावलेलं तुला चालेल का? आणि ताटाला माझ्याबरोबर उभी राहशील का?' ती 'कुंकू नको, पण उभी राहते' म्हणेल, किंवा दोन्हीला हो म्हणेल, किंवा यंदा नको म्हणेल. तिन्ही उत्तरं ठीक. नको म्हणाली तर आग्रहाने कपाळ पुढे करायला लावू नका. आग्रहानेही माणूस दुखावतं. बाकीच्यांपैकी कोणी 'असं कुठे असतं का' म्हटलंच, तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाचं नाव सांगा. मे २०२२मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायची, बांगड्या फोडायची प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. अख्खं गाव ठरवू शकतं, तर ४८ फ्लॅटना काय अवघड आहे?

आता मजकूर. 'सौभाग्यवती' आणि 'सुवासिनी' हे दोन्ही शब्द काढा. पाकिटांवर किंवा घरांच्या यादीत 'सौ.' आणि 'श्रीमती' लिहायचा बेत असेल तर तोही सोडा. आपल्याकडे ती दोन अक्षरं वाचली की कोणाच्या घरात काय झालंय ते वाचणाऱ्याला कळतं, आणि मग 'सर्व महिला' लिहिण्याला काही अर्थ उरत नाही. 'सहकुटुंब'ही नको. मागे एका ठिकाणी त्या शब्दापोटी चौदा पुरुष आणि त्यांची मुलं बटाटवड्याला हजर झाली होती आणि शेवटच्या बायकांना नुसता चहा मिळाला. मी असा लिहीन:

'नमस्कार. संक्रांतीनिमित्त आपल्या सोसायटीत रविवार, ३१ जानेवारी रोजी हळदीकुंकू आहे. प्रत्येक घरातल्या सगळ्या जणींनी, आजीपासून शाळकरी मुलीपर्यंत, तिळगूळ घ्यायला अगत्य यावं. ए विंग संध्याकाळी ५ ते ६, बी विंग ६ ते ७. त्या वेळी जमत नसेल तर ७.३० पर्यंत कधीही या, दहा मिनिटांसाठी आलात तरी आनंद आहे. कृपया भेटवस्तू आणू नये. घरून किती जणी येणार ते २४ तारखेपर्यंत कळवा. सगळ्यांनी येवचें!'

शेवटची कोंकणी ओळ मुद्दाम ठेवली आहे. आपल्या गोव्यात लग्नपत्रिका मराठीत आणि बोलणं कोंकणीत, हे काही नवीन नाही. ज्यांना देवनागरी वाचायची सवय नाही त्यांच्यासाठी खाली इंग्रजीत तारीख, वेळ, जागा आणि 'सगळ्यांना बोलावणं आहे' एवढं लिहा. हळदीकुंकवाचं महात्म्य इंग्रजीत समजावत बसू नका, कोणी वाचत नाही.

मेसेज म्हणजे मात्र आमंत्रण नव्हे, ती तारखेची आठवण. ज्येष्ठ बायकांना दारात येऊन केलेलं आपोवणें लागतं, आणि ख्रिस्ती घरांना तर तेच लागतं, कारण ग्रुपवरचा मेसेज आपल्यासाठी आहे की नाही हे त्यांना ठरवता येत नाही. त्या विचारत नाहीत, येत नाहीत, आणि आपण म्हणतो, बोलावलं होतं की. दोघी मिळून दोन संध्याकाळी सगळी दारं करा. नाताळात त्यांच्याकडून दोदोल, नेवऱ्या, बेबिंकेची ताटं तुमच्याकडे येतातच ना? मग 'तुमचा गोडवा आम्ही खाल्ला, आता आमचा तिळगूळ घ्यायला या' एवढं पुरे. आणि दारातच सांगून टाका की हळद-कुंकू लावून घ्यायलाच हवं असं नाही, फुलं आहेत, तिळगूळ आहे, गप्पा आहेत. काही जणी हौसेने लावून घेतील, काही नाही घेणार. दारात ऐकलेलं असलं की ताटापाशी त्यांची पंचाईत होत नाही.

या फेरीचा दुसरा फायदा तुमच्या वाणाच्या प्रश्नाशी जोडलेला आहे. वहीत प्रत्येक दारापुढे आकडा लिहित या. ४८ फ्लॅट म्हणजे ४८ वाणं असा हिशेब गोव्यात तरी चालत नाही. तुमच्याकडेही काही फ्लॅट मुंबई-दिल्लीवाल्यांचे, वर्षातून दहा दिवस उघडणारे असतील, काही पर्यटकांना भाड्याने दिलेले असतील, एखाद्यात तीन मुलगे मिळून राहत असतील. समजा त्यात १२ दारं गेली. उरली ३६. त्यातल्या काही घरांत सासू, सून, मुलगी अशा तिघी असतात, काहींत एकटी. समजा वहीत बेरीज ५२ आली. आता त्यात झाडलोट करणाऱ्या बाई, वॉचमनची बायको, आणि ज्या दोघीतिघी दहा घरी भांडी घासतात त्या, असे चार आकडे घाला. त्यांना तेच वाण, त्याच ताटातून, सगळ्यांच्या देखत. नंतर स्वयंपाकघराच्या दारातून पिशवी सरकवायची नाही. आणखी चार, आयत्या वेळी आलेल्या माहेरवाशिणींसाठी आणि पाहुण्या आयांसाठी. झाली ६०. ५२ पैकी आठ-दहा जणी येणार नाहीत हे खरं, पण त्यांची वाणं वजा करू नका. आमच्या फोंड्याच्या इमारतीत एका वर्षी आम्ही शहाणपणा करून ४० डबे आणले आणि ५३ जणी आल्या. शेवटच्या तेरा जणींना धावतपळत आणलेले हातरुमाल दिले. त्या हातरुमालांचा विषय पुढच्या दोन चतुर्थींना निघत होता.

वाण काय, याचं उत्तर तुमच्या आमंत्रणानेच ठरवून टाकलंय. सगळ्या जणींना बोलावलंत की कुंकवाचा करंडा, बांगड्या, जोडवी, फणी-आरसा हे सगळं बाद. प्लास्टिकच्या डब्यांबद्दल माझं मत विचारू नका. माझ्या माळ्यावर असे अकरा डबे आहेत आणि एकाचंही झाकण दुसऱ्याला बसत नाही. आणि वेगवेगळ्या रंगांची कुठलीच वस्तू आणू नका. 'मला तो निळा दे ना, हिरवा आहे माझ्याकडे' असं सुरू झालं की मागची रांग तिथेच अडते.

मला विचाराल तर संपणारं वाण द्यावं. तुमच्या सोसायटीसाठी मी सोलां सुचवीन, प्रत्येकी १०० ग्रॅम, सुती कापडाच्या छोट्या पिशवीत. हिंदू घरात लागतात, ख्रिस्ती घरात लागतात, आणि उत्तरेकडच्या शेजारणीला त्यांचं काय करायचं हे सांगताना आपोआप गप्पा होतात. ६० जणींना सहा किलो. एखाद्या स्वयंसाहाय्य गटाला सांगितलंत तर पिशव्याही तेच शिवून देतील, पण त्यांना निदान तीन आठवडे द्या, म्हणजे जानेवारी उजाडल्या उजाडल्या ऑर्डर गेली पाहिजे. एक लक्षात ठेवा: भिरंडं पिकतात एप्रिल-मेमध्ये, त्यामुळे जानेवारीत मिळणारी सोलां आठेक महिन्यांपूर्वी वाळवलेली असतात. नीट वाळवून मीठ दिलेली असली तर वर्षभर टिकतात. घेताना एक सोल वाकवून बघा. चिवटपणे वाकलं आणि रंग काळपट जांभळा असला तर घ्या. कडकडीत तुटलं तर जुनं आहे. बोटाला ओल लागली किंवा वास कुबट आला तर पिशवीत बुरशी धरणार. पांढरं दिसलं म्हणून लगेच घाबरू नका. मिठाचे कण चोळल्यावर विरघळतात, बुरशी कापसासारखी तंतू धरते आणि बोटाला चिकटते.

सोलां नको असतील तर करवंटीची दवली. तीही सगळ्या प्रकारच्या घरांत चालते. फक्त चकचकीत व्हार्निश मारलेली घेऊ नका, खोबरेल तेल लावलेली मागा, आणि दांडा हलवून बघा. ज्या दवलीचा दांडा हलतो ती पहिल्याच कढीत सुटते.

खर्च सोसायटीच्या मेंटेनन्समधून काढू नका. तो पैसा इमारतीचा आहे. पंप बिघडल्यावर कोणीतरी सभेत हळदीकुंकवाचं बिल काढतंच. वेगळी वर्गणी करा आणि ती ऐच्छिक ठेवा. अंदाजे धरा: वाण ७० रुपयांचं म्हणजे ६० जणींचे ४,२०० रुपये, खाण्याला माणशी ४० म्हणजे २,४००, तिळगुळाला हजार, फुलं, हळद-कुंकू आणि अत्तराला हजार-बाराशे. झाले साधारण ८,८००. घरटी ३०० रुपये ठेवले आणि ३० घरांनी दिले तरी ९,००० जमतात, सहा घरांनी नाही दिले म्हणून काही अडत नाही. भाव तुमच्या बाजारात बघून आकडे बदला. कोणी दिले, कोणी नाही, ही यादी ग्रुपवर टाकायची नाही. हिशेब टाकायचा, नावं नाहीत.

आता तारीख. संक्रांत सूर्यावर चालते आणि रथसप्तमी तिथीवर, त्यामुळे या दोन्हींच्या मधला काळ दर वर्षी वेगळा पडतो. २०२४मध्ये रथसप्तमी १६ फेब्रुवारीला होती, हळदीकुंकवाला महिनाभर मिळाला. २०२६मध्ये ती २५ जानेवारीलाच आली आणि बायकांची तारांबळ उडाली. २०२७मध्ये संक्रमण १४ जानेवारीच्या रात्री आहे, म्हणून सण १५ला, शुक्रवारी. रथसप्तमी १३ फेब्रुवारीला. वरवर पाहता चार-पाच शनिवार-रविवार आहेत, पण कॅलेंडर घेऊन बसा आणि खोडत चला. शनिवार १६ म्हणजे किंक्रांत, ज्येष्ठ बायका येणार नाहीत. १७ला अजून सगळ्यांच्या घरची पोळीच पचलेली नसते. २३-२४ चांगले दिसतात, पण २६ जानेवारी मंगळवारी आहे. सोमवारची रजा टाकून चार दिवस गावी पळणारे भरपूर. ६ फेब्रुवारीला शनिवारी अमावास्या, आणि कार्निव्हालही त्याच दिवशी सुरू. पणजीच्या मिरवणुकीच्या संध्याकाळी पर्वरीहून कोणी कुठे वेळेवर पोचत नाही, आणि तुमच्या ख्रिस्ती शेजारणी तर मुळीच मोकळ्या नसतील. दुसऱ्या दिवशी तेच.

उरली रथसप्तमी. शनिवार आहे म्हणून मोह होतो, पण गोव्यात तो आठवडा जत्रांचा. कवळ्याच्या शांतादुर्गेची जत्रा माघ शुद्ध पंचमीला, आणि मंगेशीचा जत्रोत्सव रथसप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत. तुमच्याकडच्या निम्म्या बायका फोंड्याच्या रस्त्यावर असतील. आमच्याच गावात, म्हणजे मला भेटतील! शिवाय शेवटचा दिवस ठेवला आणि काही अडलं तर पुढे ढकलायला जागाच नाही. म्हणून शनिवार-रविवार, ३० आणि ३१ जानेवारी. महिन्यातला पाचवा शनिवार असल्याने बँकेत जाणाऱ्यांना त्या दिवशी सुट्टी नाही. तेव्हा रविवार ३१.

वेळेचा घोळ सगळीकडे एकाच कारणाने होतो. 'संध्याकाळी ५ ते ८' असं लिहिलं की पाचला कोणी येत नाही आणि साडेसहाला सगळ्या एकदम येतात. आता ताटापाशी काय होतं ते घड्याळ लावून बघा. हळद, कुंकू, हातावर अत्तर, गुलाबपाणी, पदरात मूठभर तांदूळ, केसांत अबोलीची फाती, तिळगूळ, वाण, आणि 'अगो, किती दिवसांनी!' हे सगळं दोन मिनिटांच्या आत उरकत नाही. ५२ जणींना एकाच ताटापाशी पावणेदोन तास लागतात. साडेसहाच्या गर्दीत शेवटचीला सव्वाआठ होणार आणि तिच्या घरी भात लागायचा असतो. म्हणून दोन ताटं, दोन टोकांना, आणि विंगनिहाय वेळा. एका तासात दोन ताटांवरून साठ जणी सहज जातात, म्हणजे एका विंगच्या पंचवीस-तीस जणींना गप्पांसकट भरपूर वेळ उरतो.

जागा स्टिल्ट पार्किंगची असेल तर गाड्या चारलाच हलवून घ्या. जानेवारी अखेरीला आपल्याकडे साडेसहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि त्या अर्ध्या तासात डास चावून काढतात. सव्वासहालाच धूप घाला, दिवे लावा. फाती बाजारातून आल्या आल्या वीतभर तुकडे कापून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. ताटापाशी कात्री शोधत बसलं की तिथेच दहा मिनिटं जातात. ओटीला मोठा समारंभ नको, वाटीभर तांदूळ ताटात पुरेत. तिळाचे लाडू छोटे वळा, पंधरा ग्रॅमचे. प्रत्येकीला दोन धरून पावणेदोन-दोन किलोत भागतं. वरचे थोडे मुलांना, ती येणारच. शिरा-वडे द्यायला थर्मोकोल किंवा प्लास्टिकच्या थाळ्या आणू नका. १ जुलै २०२२पासून त्यांच्यावर देशभर बंदी आहे, आणि कोणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकेल ते वेगळंच. केळीची पानं कापून ठेवा नाहीतर कागदी प्लेटा.

वाण शिल्लक राहिली तर ती आजारी, बाळंतीण, नाइट ड्यूटीवरच्या आणि मास चुकवता न आलेल्या शेजारणींच्या घरी सोमवारी सकाळी तिळगुळाबरोबर पोचवा. वहीत कोणापुढे खूण नाही ते बघितलं की नावं सापडतात. वही मात्र जपून ठेवा. पुढच्या वर्षी हे ज्या बी विंगवालीच्या गळ्यात पडेल, तिला पहिली हीच मागायची आहे.